हप्त्याची वही: चाळीसचे सोळा होताना

कर्ज घेताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सुरुवातीची चार-पाच वर्षं जड जातील, मग हप्ता जाणवणारही नाही." वाक्य बहुतेक वेळा खरं ठरतं. पण ते कशामुळे खरं ठरतं, कोणाच्या बाबतीत खोटं पडतं आणि हलकं झालेलं ओझं नेमकं कोणी उचललेलं असतं, हे सांगणारं सहसा कोणी भेटत नाही.

घराच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला त्या महिन्यापासून मी एक वही ठेवली आहे. दर वर्षी एकदाच, नवी पगारवाढ लागू होऊन पहिला पगार खात्यात जमा झाला की त्यात पाच आकडे लिहायचे. त्यानंतर वर्षभर वही उघडायची नाही. पंधरा वर्षांच्या नोंदी झाल्या आहेत, पाच वर्षं बाकी आहेत. प्रत्यक्ष रकमा इथे देत नाही, कारण त्यांनी काहीच समजत नाही. त्याऐवजी पहिल्या महिन्यात हातात आलेला पगार 100 धरला आहे आणि बाकी सगळे आकडे त्याच मापात दिले आहेत. कोणालाही आपला पगार 100 धरून हेच गणित करता येईल.

त्या मापात सुरुवात अशी होती. पगार 100, हप्ता 40, कर्ज 4446, म्हणजे साडेचव्वेचाळीस महिन्यांच्या पगाराएवढं. व्याज वार्षिक 9 टक्के, पूर्ण मुदतीसाठी स्थिर. मुदत 240 महिने. हप्ता बरोबर लावला आहे का, हे कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत तपासता येतं:

```
=PMT(0.09/12, 240, -4446)
```

उत्तर 40 येतं. पहिल्या हप्त्यातले 33.3 व्याजात गेले आणि मुद्दल फक्त 6.7 ने कमी झालं.

वहीतले पाच आकडे म्हणजे हातात आलेला पगार, हप्ता, त्या महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांक, हप्ता सोडून होणारा महिन्याचा घरखर्च आणि बाकी मुद्दल. पगार म्हणजे खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम. पगारपत्रकावरचा ढोबळ आकडा धरला तर वही खोटं बोलू लागते. ढोबळ पगार आठ टक्के वाढला आणि कराची मर्यादा जागची हलली नाही, तर हातात सहा-साडेसहाच येतात. वर्षातून एकदा मिळणारा बोनसही यात धरायचा नाही, कारण हप्ता बारा वेळा कापला जातो आणि बोनस एकदाच येतो. घरखर्चासाठी एका महिन्याचा आकडा चालत नाही. मागच्या बारा महिन्यांची सरासरी घ्यावी लागते, नाहीतर शाळेची फी भरलेला महिना सगळं चित्र बिघडवतो.

या पाच आकड्यांतून तीन मापं काढते. पहिलं, पगारातला हप्त्याचा वाटा. दुसरं, हप्ता जुन्या भावात किती झाला, म्हणजे हप्त्याला आजच्या निर्देशांकाने भागून पहिल्या महिन्याच्या निर्देशांकाने गुणायचं. तिसरं, हप्ता आणि घरखर्च गेल्यावर हातात उरतं किती. "हप्त्याचं ओझं कमी झालं" असं म्हणणारा माणूस या तिन्हींपैकी कोणत्या मापाबद्दल बोलतो आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिन्ही एकाच वेगाने कमी-जास्त होत नाहीत आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्या चार नोंदींत हे फार स्वच्छ दिसलं. निर्देशांक 120 वर होता, तो 127, मग 134, मग 142 झाला. पगार 100 वरून 104, मग 111 झाला आणि चौथ्या वर्षी वाढच मिळाली नाही, 111च राहिला. घरखर्च 55 होता, तो भावांबरोबर वाढत 58.2, 61.4 आणि 65.1 झाला.

आता तीन मापं बघा. जुन्या भावातला हप्ता 40 वरून 37.8, 35.8 आणि 33.8 असा सरळ उतरत गेला. पगारातला वाटा 40 टक्क्यांवरून 38.5, मग 36 झाला आणि तिथेच अडला, कारण पगार अडला. हातात उरणारी रक्कम मात्र 5, 5.8, 9.6 आणि पुन्हा 5.9 अशी वर जाऊन खाली आली. म्हणजे चौथ्या वर्षी महागाईने हप्ता "स्वस्त" केला, पण घरात तो स्वस्त झालेला कोणाला जाणवला नाही. महागाई एकटी हप्ता हलका करत नाही. ती पैशाची किंमत कमी करते. तो फायदा पदरात पडायचा तर पगार त्या महागाईमागे धावावा लागतो. पगार थांबला की जुन्या भावातला हप्ता हा नुसता कागदावरचा आकडा होतो आणि महागाईचा मार मात्र घरखर्चावर पूर्ण बसतो.

तरीही त्याच चार नोंदींत एक गोष्ट दडलेली होती आणि ती मला बऱ्याच उशिरा दिसली. चौथ्या वर्षी उरलेले 5.9 पहिल्या वर्षाच्या भावात मोजले तर बरोबर 5 येतात. म्हणजे जिथून निघालो तिथेच होतो. पण त्या काळात भाव 18 टक्क्यांनी वाढले होते आणि पगार फक्त 11 टक्क्यांनी. खऱ्या अर्थाने पगार सहा टक्के घटला होता, तरी घरातली शिल्लक एका पैशाने कमी झाली नव्हती. मधली तूट हप्त्याने भरून काढली होती, कारण खर्चाचा तो एकच भाग भावांबरोबर वाढला नव्हता.

याची तुलना भाड्याच्या घराशी करून पाहिली. समजा, 40 हप्ता नसून भाडं असतं आणि ते भावांबरोबर वाढत गेलं असतं. पहिल्या वर्षीचा एकूण खर्च 95, चौथ्या वर्षी तो 112.4 झाला असता आणि पगार 111. म्हणजे दर महिन्याला दीड कमी पडले असते. हप्ता स्थिर असल्याचा खरा उपयोग हा आहे. खर्चाचा मोठा तुकडा गोठलेला असेल, तर महागाईएवढी पगारवाढ मिळाली नाही तरी घर तग धरतं. हिशोब सोपा आहे. घरखर्च 55 आणि शिल्लक 5, म्हणजे भावांबरोबर वाढावे लागतात ते फक्त 60. महागाई 5 टक्के असेल तर 60 चे 63 व्हायला पगार 3 टक्के वाढला तरी पुरतो. त्यापेक्षा जी काही वाढ मिळेल ती सगळी शिल्लक वाढवते.

हीच पट्टी उलटही फिरते आणि तेव्हा फार निर्दय वागते. पगार दहा टक्के कापला गेला तर 90 मधून 40 हप्ता आधी जातो आणि 55 च्या खर्चाला 50 उरतात. दहा टक्क्यांची कपात सगळीच्या सगळी घरखर्चावर येते, कारण हप्ता एक पैसाही सोडत नाही. भावच पडू लागले तर याहून वाईट. 1929 ते 1933 या काळात अमेरिकेत ग्राहक भाव सुमारे चतुर्थांशाने उतरले, मजुरी उतरली, नोकऱ्या गेल्या, पण कर्जाचे आकडे जसेच्या तसे राहिले. भाव चतुर्थांशाने उतरले की त्याच हप्त्याचं खरं ओझं एक तृतीयांशाने वाढतं. अर्व्हिंग फिशर या अर्थशास्त्रज्ञाने 1933 मध्ये हेच दाखवून दिलं होतं की लोक कर्ज फेडत असतानाही त्यांचं खरं कर्ज वाढत जाऊ शकतं. स्थिर हप्ता आपल्या बाजूने तेव्हाच असतो, जेव्हा भाव आणि पगार दोन्ही वर जात असतात.

दहा वर्षं झाल्यावरची नोंद अशी आहे: पगार 190, निर्देशांक 186, हप्ता 40. वाटा 21 टक्के. चाळीसवरून एकवीसवर आलेला वाटा बघून कोणालाही वाटेल की महागाईने अर्धं कर्ज फेडलं. पण याचे दोन तुकडे करावे लागतात. भाव 120 वरून 186 झाले, म्हणजे 1.55 पट. पगार नुसता भावांएवढा वाढला असता तर तो 155 झाला असता आणि वाटा 25.8 टक्के राहिला असता. म्हणजे चाळीसवरून सव्वीसपर्यंतची उतरण महागाईची आणि सव्वीसवरून एकवीसपर्यंतची बढतीची. सातव्या वर्षी पद बदललं होतं, त्याचा तो परिणाम. हे वेगळं करणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दुसऱ्या कर्जाचा विचार करताना लोक मागच्या दहा वर्षांची पूर्ण उतरण पुढच्या दहा वर्षांना लावतात. महागाईचा तुकडा पुढेही बऱ्यापैकी गृहीत धरता येतो. बढतीचा तुकडा पुन्हा मिळेलच असं नाही, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर तर तो धरूच नये.

निर्देशांकाच्या बाबतीत एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. काही वर्षांनी निर्देशांकाचं पायाभूत वर्ष बदलतं आणि नवी मालिका पुन्हा 100 च्या आसपास सुरू होते. ज्या महिन्याचे दोन्ही मालिकांचे आकडे मिळतात तो महिना पकडून दुवा काढावा लागतो. माझ्या वहीत जुनी मालिका 186 वर असताना नवी 104 वर होती. 186 ला 104 ने भागलं की 1.788 येतं, हा दुवा. पुढे नवी मालिका 130 वर गेली तेव्हा ती जुन्या मापात 130 गुणिले 1.788, म्हणजे साधारण 232.5 झाली. हा दुवा न लावता 130 ला थेट 120 ने भागलं तर पंधरा वर्षांत भाव फक्त आठ टक्के वाढले असं उत्तर येतं. ते उत्तर बघूनच काहीतरी चुकलं आहे हे कळायला हवं, पण आकडा छापील असला की माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो.

आता मुळाशी असलेली गोष्ट. ओझं हलकं होतं ते फुकट नाही. त्याची किंमत पहिल्या वर्षांत आधीच वसूल झालेली असते. कर्ज देणाऱ्यालाही महागाई माहीत असते आणि तो ती व्याजदरात धरतो. वार्षिक 9 टक्क्यांचा बारावा भाग दर महिन्याला आकारला की वर्षाला प्रत्यक्षात 9.38 टक्के होतात. भाव वर्षाला 5 टक्के वाढत असतील तर खरं व्याज 1.0938 भागिले 1.05, म्हणजे सुमारे 4.2 टक्के उरतं. समजा महागाई मुळीच नसती आणि बँकेने हेच खरं व्याज लावलं असतं. तर त्याच 4446 च्या कर्जाचा हप्ता 27 च्या आसपास बसला असता आणि पगारही 100च राहिला असता. म्हणजे वीस वर्षं पगारातला वाटा सत्तावीस टक्के, ना कमी ना जास्त.

महागाई असलेल्या जगात सुरुवात सत्तावीसऐवजी चाळीसने होते. पगार दर वर्षी 5 टक्के वाढत गेला तर वाटा पाच वर्षांनी 31, आठ वर्षांनी 27, दहा वर्षांनी 24.6, पंधरा वर्षांनी 19 आणि शेवटच्या वर्षी 16 टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे आठ वर्षं आपण "सपाट" हप्त्यापेक्षा जास्त भरत असतो आणि उरलेली बारा वर्षं कमी. उतार असलेली ही रेघ आणि ती सपाट रेघ, दोन्हींची खरी किंमत सारखीच. 1975 मध्ये फ्रँको मोदिग्लियानी आणि डोनाल्ड लेसार्ड यांनी घरकर्जाच्या या कलंडण्यावर बोट ठेवलं होतं: महागाई वाढली की खरं व्याज तेच राहूनही हप्त्याचं वजन पुढच्या वर्षांतून काढून पहिल्या वर्षांवर येऊन बसतं. ज्याचा पगार नुकता सुरू झाला आहे, त्यालाच सगळ्यात जास्त भार उचलावा लागतो. पहिल्या आठ वर्षांत ज्याची नोकरी टिकत नाही, त्याला हलक्या बारा वर्षांचा काही उपयोग नाही. त्याने जड भाग भरला आणि हलका भाग सुरू होण्याआधी घर विकलं.

एकूण व्याजाचा आकडा बघून घाबरणाऱ्यांसाठीही याच हिशोबातून एक गोष्ट निघते. 240 हप्त्यांचे 9600 होतात, कर्ज 4446, म्हणजे व्याज 5154, मुद्दलापेक्षाही जास्त. पण विसाव्या वर्षीचे 40 आणि पहिल्या वर्षीचे 40 एकत्र मिळवणं म्हणजे वेगवेगळ्या मापांची बेरीज करणं. दर वर्षीचा हप्ता पहिल्या वर्षाच्या भावात आणून, 5 टक्के महागाई धरून बेरीज केली तर ती 6280 च्या आसपास येते. खरं व्याज 1835. तेही थोडं नाही, पण 5154 नक्कीच नाही.

कर्ज घेणाऱ्याचा निव्वळ फायदा होतो तो फक्त व्याजदर ठरवताना धरलेल्या महागाईपेक्षा प्रत्यक्ष महागाई जास्त निघाली तर. कमी निघाली तर तोटा. महागाई 5 ऐवजी 2 टक्क्यांवर राहिली आणि पगारही तेवढाच वाढला, तर दहा वर्षांनंतरही वाटा जवळजवळ 33 टक्के असतो आणि खरं व्याज 7 टक्क्यांच्या वर जातं. हप्ता तोच, दर तोच, पण ओझं उतरता उतरत नाही.

इथपर्यंतचं सगळं स्थिर दराच्या कर्जाचं झालं. तरत्या दराच्या कर्जाला हे सरसकट लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण तिथे हप्ता स्थिर दिसतो पण असतोच असं नाही. महागाई चढली की व्याजदर चढतात आणि अनेक बँका हप्ता न वाढवता मुदत वाढवतात. खात्यातून दर महिन्याला 40च कापले जातात, त्यामुळे काही बदललं आहे हे कळतही नाही. याच कर्जाचं उदाहरण घ्या. पाच वर्षांनी बाकी मुद्दल 3944 असतं आणि 180 हप्ते उरलेले असतात. दर 9 वरून 11 झाला आणि हप्ता 40च ठेवला, तर पहिल्याच महिन्यात व्याज 36.15 होतं आणि मुद्दलात जेमतेम 3.85 जातात. किती हप्ते उरले ते असं निघतं:

```
=NPER(0.11/12, -40, 3944)
```

उत्तर 257 च्या जवळ येतं. पंधरा वर्षांची एकवीस वर्षं पाच महिने झाली. पगारातला वाटा छान उतरत राहतो, पण शेवटी सहा वर्षांहून जास्त हप्ते चिकटलेले असतात आणि ते निवृत्तीच्या पुढे जाऊ शकतात. मुदत 180 च ठेवायची तर हप्ता 44.8 करावा लागतो. आणि दर 12.2 टक्क्यांच्या वर गेला तर 40 मधून पूर्ण व्याजही भागत नाही, मुद्दल दर महिन्याला वाढू लागतं. म्हणून तरत्या दराचं कर्ज असेल तर वहीत सहावा रकाना हवा: उरलेले हप्ते. वर्षात तो आकडा बाराने कमी झाला नसेल, तर ओझं हलकं होत नाही, नुसतं पुढे ढकललं जातं आहे. माझ्या माहितीतल्या एका कर्जदाराला ही वाढ तीन वर्षांनी कळली, खातेउतारा मागवला तेव्हा. पत्र आलं होतं, पण त्यात हप्त्याची रक्कम तीच होती म्हणून ते न वाचताच ठेवून दिलं गेलं.

काही देशांत कर्जाचं मुद्दलच भावांशी बांधलेलं असतं. चिलीत 1967 पासून महागाईनुसार बदलणारं हिशोबाचं एकक आहे आणि घरकर्जं त्यात दिली जातात. आइसलँडमध्ये 1979 पासून निर्देशांकाला जोडलेली कर्जं रूढ झाली. अशा कर्जात सुरुवातीचा हप्ता त्या सपाट रेघेजवळ, म्हणजे बराच हलका असतो. बदल्यात तो भावांबरोबर वाढत जातो, त्यामुळे पगारातला वाटा उतरत नाही. 2008 मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या, चलन घसरलं, भाव भडकले आणि पगार मागे पडले, तेव्हा नियमित हप्ते भरणाऱ्यांचंही बाकी मुद्दल फुगत गेलं. स्थिर हप्त्याच्या जड पहिल्या वर्षांत आपण कशाचा विमा विकत घेत असतो, ते यावरून लक्षात येतं.

वाटा वीस टक्क्यांच्या आसपास आला की हाताशी पैसे उरू लागतात आणि प्रश्न येतो: कर्ज आगाऊ फेडावं का? यावर ठरलेलं उत्तर मिळतं की "कशाला फेडता, महागाई फेडतेच आहे." हे उत्तर चुकीचं आहे आणि त्यातली चूक समजून घेण्यासारखी आहे. महागाई हप्त्याची किंमत खाते, तशीच खात्यात ठेवलेल्या पैशाचीही खाते. दोन्ही बाजूंना ती सारखीच असल्यामुळे या निर्णयात तिचा संबंधच येत नाही. तुलना फक्त दोन दरांची: कर्जावरचे 9 टक्के आणि आपले पैसे कर जाऊन जितके मिळवतील ते. दहा वर्षं झाली असताना 100 आगाऊ भरले तर ते दरमहा 0.75 टक्क्यांनी वाढत जाऊन शेवटी 245 वाचवतात, म्हणजे शेवटचे सहा हप्ते. तेच 100 कर जाऊन 6 टक्के देणाऱ्या ठेवीत ठेवले तर दहा वर्षांनी 179 होतात. फरक 66 चा, आणि दोन्ही रकमा त्याच वर्षातल्या, त्याच भावातल्या. ते सहा हप्ते तेव्हा पगाराच्या मानाने किरकोळ असतील हे खरं, पण ठेवीतले 179 सुद्धा तेवढेच किरकोळ झालेले असतील.

फक्त आगाऊ भरलेले पैसे अडचणीच्या वेळी परत मागता येत नाहीत. म्हणून चौथ्या वर्षासारखी वर्षं लक्षात ठेवून सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते बाजूला ठेवल्यावर उरतील तेवढ्याच रकमेचा विचार करते. आगाऊ भरताना बँकेला लेखी सांगावं लागतं की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. हप्ता कमी झाला तर व्याजाची बचत बरीच घटते.

दुसरा मार्ग म्हणजे ओझं हलकं होऊच न देणं. पगाराबरोबर हप्ताही दर वर्षी 5 टक्क्यांनी वाढवला, 40 चे 42, मग 44.1, तर हेच कर्ज बारा वर्षं आणि एका महिन्यात संपतं. पगारातला वाटा पूर्ण काळ चाळीस टक्के राहतो आणि शेवटची आठ वर्षं हप्ताच नसतो. गणित मोहक आहे, पण मी ते पहिल्या पाच वर्षांत करू नये असंच म्हणेन. उरणारी रक्कम 5 असताना हप्ता दोनने वाढवणारा माणूस चौथ्या वर्षी, पगार गोठल्यावर, कुठे उभा राहतो ते वरच्या नोंदीत दिसतंच आहे. वाटा सत्तावीसच्या खाली गेल्यावर, म्हणजे जड भाग संपल्यावर, हे सुरू करावं.

पंधरा वर्षं झाल्यावरची नोंद: पगार 255, निर्देशांक जुन्या मापात 232.5, हप्ता 40. वाटा 15.7 टक्के, जुन्या भावातला हप्ता 20.6. बाकी मुद्दल 1927. वेळ तीन चतुर्थांश संपली असली तरी 43 टक्के मुद्दल अजून शिल्लक आहे, आणि नुसता तो आकडा पाहिला तर मन खचतं. म्हणून त्याच्या शेजारी मी आणखी एक भागाकार लिहिते, बाकी मुद्दल म्हणजे किती महिन्यांचा पगार. पहिल्या दिवशी तो 44.5 होता. दहा वर्षांनी 16.6. आता 7.6.